अपयशाची जोखीम आणि वटावाचा फुगवलेला दर

नवउद्योगाच्या प्रकल्पाचे मूल्यमापन ज्या स्प्रेडशीटमध्ये होते, तिच्यात एक चौकोन असा असतो की त्यातला आकडा बदलला की खालचा सगळा निकाल फिरतो. तो चौकोन वटावाच्या दराचा, म्हणजे डिस्काउंट रेटचा. गुंतवणुकीचे प्रस्ताव तपासणाऱ्या एका समितीवर मी काही काळ होतो. तिथे एकदा त्या चौकोनात ५० टक्के लिहिलेले पाहून एका नव्या सहकाऱ्याने विचारले, की पन्नासच का, चाळीस का नाही. उत्तर एका वाक्यात आले : "स्टार्टअप आहे, बुडण्याची शक्यता मोठी, म्हणून दर मोठा." सगळ्यांना ते पटले आणि आम्ही पुढच्या प्रस्तावाकडे वळलो. तो प्रश्न तिथेच धसाला लावायला हवा होता, असे मला आज ठामपणे वाटते, कारण त्या एका वाक्यामुळे चांगले प्रकल्प नाकारले जातात आणि, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, वाईट प्रकल्प मंजूरही होतात.

वटावाच्या दराचे मूळ काम मर्यादित आहे. उद्या मिळणारी रक्कम आज हातात असलेल्या रकमेपेक्षा कमी मोलाची असते, हे तो सांगतो. आणि ज्या जोखमीपासून गुंतवणूकदाराला पैसे अनेक ठिकाणी विभागूनही सुटका नसते, म्हणजे सगळी बाजारपेठ मंदावली की आपलीही आवक घटते अशा प्रकारची जोखीम, तिचा मोबदला तो मागतो. एखादे यंत्र प्रयोगशाळेबाहेर चालेल की नाही, एखादे रसायन टिकेल की नाही, ही अनिश्चितता या दोन्हींपेक्षा वेगळ्या जातीची आहे. तिचा बाजाराच्या चढउताराशी संबंध नाही. वीस वेगवेगळ्या प्रकल्पांत पैसे घातले, तर एकाचे अपयश दुसऱ्याच्या यशाने भरून निघते. तिच्यामुळे बदलते ती पैसे मिळण्याची शक्यता. म्हणून तिची जागा अंशात आहे, जिथे अपेक्षित आवक मोजली जाते, जिथे दर बसतो त्या छेदात नाही.

व्यवहारात मात्र घडते ते उलट. संस्थापक जो आराखडा देतात तो सगळे जमून आले तर काय होईल याचा असतो. तो आराखडा फुगलेला आहे हे तपासणाऱ्याला कळते, पण आवकेचे आकडे एकेक तपासून कमी करण्यापेक्षा दर वाढवणे सोपे असते. मूल्यमापनाच्या मार्गदर्शक साहित्यात अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी ५० ते ७० टक्के असा पट्टा वारंवार छापला गेला आहे, आणि कोष्टकात छापलेल्या आकड्याला एक अधिकार आपोआप येतो. आशावादी आराखड्याचा फुगवटा फुगवलेल्या दराने काढायचा, अशी ही मलमपट्टी आहे.

या पद्धतीची कड घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. दरवर्षी बुडण्याची शक्यता सारखीच असेल, बुडाल्यावर हातात काहीच उरत नसेल, आणि ही स्थिती शेवटपर्यंत बदलणार नसेल, तर अपयशाची शक्यता दरात मिसळणे गणिताने बिनचूक ठरते. मूळ दर r आणि दरवर्षी बुडण्याची शक्यता p असेल, तर दोन्ही सामावणारा दर k असा निघतो :

```
k = (1 + r) / (1 - p) - 1
```

मूळ दर १२ टक्के आणि दरवर्षी बुडण्याची शक्यता २५ टक्के धरली, तर k सुमारे ४९ टक्के येतो. (१२ आणि २५ यांची नुसती बेरीज करून ३७ धरणारेही मी पाहिले आहेत, ते या पद्धतीच्या स्वतःच्या हिशोबानेही चूक आहे.) म्हणजे आमच्या समितीतला ५० टक्क्यांचा दर प्रत्यक्षात असे म्हणत होता, की हा उद्योग दरवर्षी चारांत एकदा बुडू शकतो, पहिल्या वर्षीही आणि अकराव्या वर्षीही. हे विधान स्पष्ट शब्दांत कोणी मांडले असते, तर खोलीतल्या एकानेही ते मान्य केले नसते. दराच्या रूपात आले म्हणून ते विनातक्रार मान्य झाले.

तंत्रज्ञानावर उभ्या असलेल्या उद्योगांचे अपयश असे वर्षांवर समान वाटलेले नसते. ते काही ठरावीक उंबरठ्यांवर साठलेले असते. औषधनिर्मितीत हे सर्वांत स्पष्ट दिसते, कारण तिथे उंबरठ्यांची नोंद ठेवली जाते. २००६ ते २०१५ या काळातल्या चाचण्यांचा जो मोठा आढावा अमेरिकेच्या जैवतंत्रज्ञान उद्योगसंघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातून सुमारे ६३ टक्के रेणू पुढे गेले, दुसऱ्या टप्प्यातून जेमतेम ३१ टक्के, आणि तिसऱ्यातून सुमारे ५८ टक्के. दुसरा टप्पा हा खरा घाट आहे, कारण औषध रुग्णावर गुण देते की नाही हे तिथे पहिल्यांदा नीट तपासले जाते. परवाना मिळाल्यावर धोके उरतातच, पण ते वेगळे आणि बरेच लहान. या वळणावळणाच्या वाटेवर एकच सरळ दर आंथरला, तर तो घाटात अपुरा पडतो आणि सपाटीवर विनाकारण जाच करतो.

आता एक प्रकल्प जवळून पाहू. आकडे मी हिशोबासाठी रचले आहेत आणि ते कोणत्याही चलनातले समजावेत. खारे पाणी गाळण्यासाठी एक नवा पडदा तयार झाला आहे. प्रयोगशाळेत तो उत्तम चालतो. प्रश्न एवढाच आहे, की खऱ्या पाण्यात महिनोन्महिने दाबाखाली राहून तो फाटेल का आणि त्यावर थर साचून त्याची गाळण्याची क्षमता पडेल का. ही चाचणी वर्षभर चालेल आणि तिला आज १० खर्च येईल. पडदा टिकण्याची शक्यता जाणकारांच्या मते ३० टक्के आहे. टिकला तर वर्षाअखेरीस ६० खर्चून कारखाना उभारायचा, आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत, म्हणजे दहा वर्षे, दरवर्षी निव्वळ २० मिळतील. नाही टिकला तर प्रकल्प तिथेच थांबवायचा. कारखान्याचा प्रश्नच येत नाही.

सरळ मार्गाने हिशोब केला तर तो असा होतो. दहा वर्षांच्या आवकेचे मूल्य १२ टक्के दराने पहिल्या वर्षाअखेरीस सुमारे ११३ भरते. त्यातून कारखान्याचे ६० वजा केले की ५३ उरतात. ते मिळण्याची शक्यता ३० टक्के, म्हणून सरासरी १५.९, आणि ते एक वर्ष मागे आणले की १४.२. चाचणीचे १० वजा केले तर प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ४.२ येते. दहांतली सात वेळा अपयश गृहीत धरूनही चाचणी करणे फायद्याचे आहे.

याच प्रकल्पाला, यशाचा आराखडा तसाच ठेवून, ५० टक्के दर लावला तर उत्तर उणे २३.८ येते. दर ४० वर आणला तरी उत्तर उणे, ३० वर आणला तरी उणेच. २५ टक्क्यांच्या वर कुठलाही दर धरला तरी हा प्रकल्प नामंजूर होतो, आणि स्टार्टअपला पंचवीसच्या आत दर लावणारी समिती मी तरी पाहिलेली नाही.

फरक नेमका कुठून आला हे शोधताना मी स्वतः चकित झालो होतो. दूरच्या आवकेला मोठा दर चिरडून टाकतो असे आपण नेहमी ऐकतो, आणि ते खरेच आहे. पण इथे आवकेचे आजचे मूल्य सरळ हिशोबात ३०.३ आणि फुगवलेल्या दराने २६.२ आहे. तफावत आहे, पण निकाल उलटवण्याइतकी नाही. खरी तफावत कारखान्याच्या खर्चात आहे. सरळ हिशोबात तो खर्च दहांतल्या तीनच वेळा करावा लागतो, म्हणून त्याचा आजचा भार फक्त १६.१ आहे. ५० टक्के दराने तोच भार ४० होतो, कारण त्या दराच्या पोटात दडलेले विधान असे आहे, की पहिल्या वर्षाअखेर उद्योग जिवंत असण्याची, आणि म्हणून कारखाना बांधला जाण्याची, शक्यता ७५ टक्के आहे. चाचणी फसली तर थांबता येते, ही या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट. दराने नेमकी तीच पुसून टाकली. अपयशाला घाबरून वाढवलेला दर लवकर आणि स्वस्तात कळणाऱ्या अपयशाची किंमतच ओळखत नाही.

जिवंत राहण्याच्या शक्यता शेजारी शेजारी मांडल्या की दोष आणखी स्पष्ट होतो. ५० टक्के दराप्रमाणे पहिल्या वर्षाअखेर ७५ टक्के, चौथ्या वर्षाअखेर ३१ टक्के आणि अकराव्या वर्षाअखेर अवघी ४ टक्के. आमच्या प्रकल्पात चाचणीनंतर ती ३० टक्क्यांवर येते आणि साधारण तिथेच राहते. दोन्ही रेषा चौथ्या वर्षाजवळ एकमेकींना छेदतात. त्याआधी फुगवलेला दर वास्तवापेक्षा मवाळ आहे आणि त्यानंतर वास्तवापेक्षा कठोर. अलेक्झांडर रोबिचेक आणि स्टुअर्ट मायर्स यांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते, की जोखमीसाठी एकच वाढीव दर सगळ्या वर्षांना लावणे म्हणजे जोखीम काळाबरोबर ठरावीक गतीने वाढत जाते असे गृहीत धरणे. हे गृहीतक जिथे लागू नाही तिथे दर चुकतो, आणि तंत्रज्ञानाच्या प्रकल्पात ते क्वचितच लागू असते.

"आधी मवाळ" या अर्ध्या भागाकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून त्याचेही एक उदाहरण देतो. दुसऱ्या एका प्रकल्पात आज एकरकमी ४० घालायचे आहेत. सहा महिन्यांत बाजारात उतरायचे, वर्षाअखेर ७० मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, आणि दोन्हींची शक्यता निम्मीनिम्मी. सरळ हिशोब : ७० चे निम्मे ३५, त्याचे १२ टक्के दराने आजचे मूल्य ३१.३, म्हणजे निव्वळ तोटा ८.७. हा प्रकल्प नाकारलाच पाहिजे. पण ५० टक्के दराने ७० चे मूल्य ४६.७ होते, आणि प्रकल्प ६.७ ने फायद्याचा दिसतो. ज्या कठोर दराने पडद्याचा प्रकल्प बाद केला, तोच दर या तोट्याच्या प्रकल्पाला हसत हसत पुढे पाठवतो, कारण एका वर्षात तो फक्त चतुर्थांश धोका कापू शकतो आणि इथे खरा धोका अर्धा आहे.

मोठा दर म्हणजे निदान सावधगिरी तरी, असा जो समज आहे तो इथे कोसळतो. मोठ्या दराने गुंतवणूकदार सावध होत नाही, तो फक्त घाईचा होतो. लवकर पैसे देणाऱ्या गोष्टी, मग त्या कितीही जुगारी असोत, त्याला बऱ्या वाटतात. आणि एकदा सिद्ध झाल्यावर वर्षानुवर्षे उपयोगी पडणाऱ्या गोष्टी, म्हणजे नवे पदार्थ, ऊर्जा साठवण्याची साधने, लसी, त्याला परवडत नाहीत. कोणत्या संशोधनाला पैसा मिळतो आणि कोणते कपाटात पडून राहते, हा प्रश्न म्हणूनच एकट्या गुंतवणूकदाराचा राहत नाही. सार्वजनिक निधीतून नवकल्पनांना पैसे देणाऱ्या समित्याही हेच तक्ते वापरू लागल्या, तर ज्या दीर्घ पल्ल्याच्या कामांसाठी सार्वजनिक पैसा असतो तीच कामे त्यांच्या चाळणीतून सर्वांत आधी गळतील.

शेवटी येणाऱ्या खर्चाच्या बाबतीत हा दोष जवळजवळ धोकादायक होतो. पडद्याचा कारखाना बाराव्या वर्षी बंद करून जागा स्वच्छ करायला ३० लागणार आहेत असे धरा. सरळ हिशोबात, कारखाना उभा राहण्याची ३० टक्के शक्यता धरून, त्याचा आजचा भार २.३ आहे. ५० टक्के दराने तो ०.२३ होतो, म्हणजे दहावा हिस्सा. प्रकल्प जितका धोक्याचा म्हणावा तितका दर वाढणार, आणि दर वाढला की पुढची देणी तितकीच हलकी दिसणार. धोका वाढला म्हणून जबाबदारी स्वस्त झाली, असा निष्कर्ष काढणारे साधन वापरात ठेवण्याचे समर्थन मला करता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ३० टक्के ही शक्यता तुम्ही आणली कुठून, तीही अंदाजच. आक्षेप बरोबर आहे. पण ५० टक्के दर हाही अंदाजच आहे, आणि तो असा अंदाज आहे जो कधी तपासता येत नाही. पडदा टिकण्याची शक्यता ३० टक्के आहे असे कोणी लिहून दिले, तर साहित्यशास्त्र जाणणारा माणूस तिच्यावर वाद घालू शकतो, आधीच्या अशा पडद्यांचे काय झाले ते काढून दाखवू शकतो, आणि पाच-दहा वर्षांनी समितीच्या सगळ्या "३० टक्के" प्रकल्पांपैकी किती तरले हे मोजून अंदाज करणाऱ्याची पारख करता येते. ५० टक्के दराविरुद्ध कोणता पुरावा आणणार? त्याच्यात काळ, बाजाराची जोखीम, तांत्रिक अपयश, संस्थापकांचा अतिउत्साह, शेअर लवकर विकता न येण्याची अडचण आणि पुढच्या फेऱ्यांत आपला हिस्सा पातळ होण्याची भीती असे सगळे एकत्र कालवलेले असते. प्रकल्प फसला तर यातले काय चुकले हे सांगता येत नाही, आणि फळला तरी नाही.

या मिश्रणातल्या प्रत्येक गोष्टीला तिची स्वतःची जागा आहे. हिस्सा पातळ होणार असेल तर शेवटी हातात किती टक्के उरतील ते थेट मोजावे. आराखडा अतिउत्साही असेल तर विक्रीचे आकडे खाली आणावेत आणि का आणले ते लिहावे. बुडाल्यावर यंत्रसामग्री विकून काही मिळणार असेल तर तेही धरावे. मोठा दर ते नेहमी शून्य मानतो. ज्या संस्थापकाने स्वतःची सारी पुंजी एकाच प्रकल्पात लावली आहे, त्याच्यासाठी अपयशाचे दुःख सरासरीपेक्षा मोठे असते, हेही मला मान्य आहे. पण त्याने तो धोका किती रकमेच्या बदल्यात पत्करायचा हे ठरवावे. त्यासाठी अकराव्या वर्षाच्या आवकेवर सूड उगवण्याची गरज नाही.

सरळ हिशोबालाही मर्यादा आहेत आणि त्या झाकणे योग्य होणार नाही. मी सगळ्या वर्षांना १२ टक्के लावले, ते सोयीसाठी. काटेकोर पाहिले तर चाचणीच्या काळात पैसे घालणाऱ्याची बाजाराशी जोडलेली जोखीम नंतरच्या काळापेक्षा जास्त असते, कारण कारखान्याचे मूल्य थोडे हलले तरी ६० वजा जाता उरणारी रक्कम बरीच हलते. ११३ चे दहा टक्क्यांनी घटून सुमारे १०२ झाले, तर ५३ चे ४२ होतात, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त घट. म्हणून पहिल्या वर्षाला १२ ऐवजी १८ किंवा २० टक्के धरणे समर्थनीय आहे. २० धरले तर मूल्य ४.२ वरून ३.३ वर येते. हे पन्नास टक्क्यांचे समर्थन होत नाही, आणि ही वाढ कशासाठी आहे ते सांगता येते.

त्या समितीत पुढे एकदा आम्ही अशाच एका प्रस्तावाचा हिशोब दर बाजूला ठेवून उलटा मांडून पाहिला होता : यशाची शक्यता किती असेल तर चाचणी करावी. पडद्याच्या आकड्यांनी त्याचे उत्तर २१ टक्के येते. चाचणीचे १० वर्षाअखेरीस ११.२ होतात, आणि त्यांना यशातल्या ५३ ने भागले की झाले. त्या दिवशी असाच आकडा फळ्यावर लिहिल्यावर बोलण्याचा सूरच बदलला. जे अर्थशास्त्राचे होते ते गप्प झाले, आणि इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या रसायनतज्ज्ञाला सगळे विचारू लागले, की दाबाखाली थर साचल्यावर नेमके काय होते, असे आधी कुठे केले गेले आहे, आणि पाचांत एकदा तरी हे जमेल असे वाटते का.